क्लायंट खूश आहे? मग दोन गोष्टी मागा, पण वेगवेगळ्या

‘सर, एक छोटंसं टेस्टिमोनियल द्याल का प्लीज?’ कॉलेज करता करता फ्रीलान्स लिखाण करणाऱ्या बऱ्याच जणांनी हा मेसेज कधी ना कधी पाठवलेला असतो. समोरून लगेच ‘हो हो, नक्की’ येतं, सोबत एक अंगठा. आणि मग काहीच येत नाही. किंवा आठवड्याने येतं ते असं: ‘खूप छान काम. पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ हे वाक्य केटररला चालेल, फोटोग्राफरला चालेल, निरोप समारंभालाही चालेल. तुम्ही काय लिहिता आणि ते कसं लिहिता, याचा त्यात पत्ताच नाही.

यात क्लायंटचा दोष फारसा नसतो. त्याचं रोजचं काम मसाले विकणं, क्लास चालवणं किंवा दवाखाना सांभाळणं हे असतं. लेखकाबद्दल चार ओळी लिहा म्हटलं की त्याला शाळेतल्या निबंधासारखं दडपण येतं. म्हणजे अभिप्राय मागताना तो देणं सोपं करून द्यायचं, हे आपलं काम.

दुसरी गोष्ट त्याहून जास्त राहून जाते. अभिप्राय मिळाला म्हणजे काम पोर्टफोलिओत टाकायची परवानगी मिळाली, असं बरेच जण गृहीत धरतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा क्लायंट तुमची मनापासून तारीफ करेल, पण त्याची वेबसाइट बाहेरून कुणाकडून लिहून घेतली हे जगाला कळावं, असं त्याला वाटणार नाही. उलट एखादा म्हणेल, लिंक खुशाल दाखव, पण माझं नाव कुठे नको. दोन्हींसाठी मेल एकच असला तरी विनंत्या दोन हव्यात.

एक उदाहरण घेऊ. बीएच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी. तिने नाशिकजवळच्या एका घरगुती मसाल्यांच्या उद्योगासाठी वेबसाइटचा मजकूर लिहिला. सहा मसाल्यांची वर्णनं आणि ‘आमच्याविषयी’ हे पान, एवढंच काम. उद्योग चालवणाऱ्या बाईंना ती ‘ताई’ म्हणते. काम संपलं, पैसे जमा झाले, आणि आठ-दहा दिवसांनी ताईंचा फोन आला. ‘अगं, मुंबईहून एका बाईंनी ऑर्डर दिली. म्हणाल्या, गोड्या मसाल्याचं वाचलं आणि आईची आठवण आली.’

मेल पाठवायची वेळ ही. काम पूर्ण झालं त्या दिवशी नाही, कारण तेव्हा क्लायंटलाही मजकुराचा उपयोग झालाय का ते माहीत नसतं. पैसे यायच्या आधी तर नाहीच. बिल अडकलेलं असताना अभिप्राय मागितला तर दोन्ही विनंत्या एकमेकींच्या पायात येतात. समोरच्याला वाटतं, ही पैशांची आठवण करून देतेय. किंवा तो गोड अभिप्राय देतो आणि बिल आणखी महिनाभर लांबवतो. त्याच मेलमध्ये पुढच्या कामाचं कोटेशनही जोडू नका. क्लायंटला स्वतःहून चांगलं काही सांगावंसं वाटलं, की त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत मेल गेला पाहिजे. महिना गेला तर मुंबईच्या बाई ताईंच्याही लक्षात राहणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, फोनऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर कौतुक आलं असतं तर स्क्रीनशॉट घेऊन टाकला असता, मेल कशाला? पण तो मेसेज ताईंनी तिला लिहिलेला असतो, अख्ख्या इंटरनेटला नाही. त्यात त्यांचा नंबर असतो, डीपी असतो, कधी वर-खाली दराचं बोलणं असतं. खासगीत झालेल्या कौतुकाचा उपयोग एवढाच की नेमकं काय विचारायचं ते त्यातून कळतं.

तर हा मेल बघा.

विषय: गोड्या मसाल्याच्या मजकुराबद्दल तुमचे चार शब्द आणि एक परवानगी

नमस्कार ताई,

मुंबईच्या ग्राहकांनी गोड्या मसाल्याचं वर्णन वाचून ऑर्डर दिली, हे तुम्ही परवा फोनवर सांगितलंत. ऐकून खूप बरं वाटलं. तुमच्या वेबसाइटसाठी मी सहा मसाल्यांची वर्णनं आणि ‘आमच्याविषयी’ हे पान लिहिलं, त्या कामाबद्दल माझ्या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणालात तरी चालेल.

पहिली विनंती अभिप्रायाची. तीन-चार वाक्यं पुरेत. सोपं जावं म्हणून तीन प्रश्न देते. आधीच्या मजकुराची अडचण काय होती? नवा मजकूर आल्यावर काही फरक जाणवला का, कोणता? माझ्यासोबत काम करताना काय बरं वाटलं, काय खटकलं? लिहायला वेळ नसेल तर बोलून व्हॉइस मेसेज पाठवा. मी तो लिहून काढून तुम्हाला दाखवेन आणि तुम्ही होकार दिल्यावरच वापरेन.

दुसरी विनंती परवानगीची. हे काम माझ्या पोर्टफोलिओत दाखवायचं आहे. पोर्टफोलिओ इंटरनेटवर आहे, कुणालाही दिसतो, आणि इंटर्नशिपच्या अर्जासोबत मी त्याची लिंक पाठवते. खालीलपैकी कशाला हरकत नाही, तेवढे आकडे कळवा:
१. गोड्या मसाल्याचं वर्णन आणि त्याची लिंक
२. तुमच्या उद्योगाचं नाव
३. लोगो
४. अभिप्रायाखाली तुमचं नाव आणि गाव

आपला ठरलेला दर, विक्रीचे आकडे, आपल्यातलं बोलणं यातलं काहीही दाखवणार नाही. पुढे कधी काढून टाकावंसं वाटलं तर सांगा, दोन दिवसांत काढेन.

येत्या १५ तारखेपर्यंत कळवलंत तर बरं होईल. आत्ता नको वाटत असेल तर तसंही मोकळेपणाने सांगा.

तुमची,
(नाव, फोन नंबर)

मेल लांब वाटतो, पण ताईंना त्यात फार थोडं करायचं आहे. परवानगीसाठी ‘१, २, ४’ एवढं उत्तर पुरतं. आकडे देण्यामागचं कारण असं की ‘पोर्टफोलिओत टाकू का?’ या प्रश्नाला ‘हो’ आलं तरी ते कशाला आलं ते कळत नाही. ताईंच्या मनात लिंक असते, आपण लोगो लावून बसतो. लोगोचं तर वेगळंच आहे. तो त्या उद्योगाची ओळख असतो, अनेकदा ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलाही असतो. तुमच्या पानावर तो दिसला की बघणाऱ्याला वाटतं, हा उद्योग तुमची शिफारसच करतोय. म्हणून त्याचा आकडा वेगळा.

प्रश्नांचा क्रमही मुद्दाम तसा आहे. आधी काय अडचण होती, मग काय बदललं. या दोन उत्तरांतून वाचणाऱ्याला गोष्ट मिळते, आणि ज्याची अडचण तशीच आहे असा नवा क्लायंट तिथे थांबतो. ‘काय खटकलं’ हा प्रश्न काढून टाकावा असं अनेकांना वाटेल. मला तो राहावा असं वाटतं. त्याचं उत्तर छापायला नसतंच, पण तो विचारला की बाकीची उत्तरं खरी येतात. नुसतं ‘काय आवडलं’ विचारलं की लोक शुभेच्छांवर उतरतात.

संबोधनाबद्दल थोडं. रोज ‘ताई’ म्हणता आणि मेलमध्ये एकदम ‘आदरणीय महोदया’ लिहिलंत, तर ताईंना वाटेल काहीतरी बिनसलंय. बोलताना जे नातं आहे तेच मेलमध्ये ठेवा. मात्र तोच मेल त्यांच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुणाकडे जाणार असेल, तर ‘नमस्कार मॅडम’ बरं.

आता ताईंचं उत्तर. आकडे आले १, २ आणि ४. लोगो नको, कारण नवा बनवायला दिला आहे. अभिप्राय व्हॉइस मेसेजमधून आला, साधारण असा: ‘हं, तर आधी काय व्हायचं, आमच्या वेबसाइटवर सगळं इंग्रजी होतं, पुतण्याने कुठूनतरी उचललं होतं, ते आम्हालाच कळायचं नाही. तू काय केलंस, आमच्या घरी येऊन मसाला भाजताना बघितलंस, दगडफुलाचं विचारलंस. आता दोन-तीन जणांनी तरी फोन करून सांगितलं की वाचून घेतला. आणि हो, तू एकदा उशीर केलास, पण आधी कळवलं होतंस.’

हे लिहून काढताना काय करायचं आणि काय नाही, इथे खरी परीक्षा आहे. ‘हं’, ‘तर’, ‘काय व्हायचं’ गाळलेलं चालतं. पुतण्याचा उल्लेख गाळलेला बराच, घरातलं माणूस आहे. उशिराचं वाक्य गाळता येईल, कारण अभिप्राय पूर्ण छापायचं बंधन नाही. फक्त ताईंनी अंतिम मजकूर पाहिलेला हवा. म्हणजे असं होईल:

‘आधी आमच्या वेबसाइटवरचा मजकूर इंग्रजीत होता आणि तो आम्हालाच कळायचा नाही. हिने घरी येऊन मसाला भाजताना बघितलं, दगडफुलाचं विचारलं आणि मग लिहिलं. आता दोन-तीन जणांनी फोन करून सांगितलं की वाचून मसाला घेतला.’

मोह होतो तो शेवटच्या वाक्यात. ‘दोन-तीन जण’ किती किरकोळ दिसतं! त्याचं ‘ऑर्डर्स लक्षणीय वाढल्या’ करावंसं वाटतं. ताई कदाचित त्यालाही हो म्हणतील, कारण त्यांना तुमचं भलं करायचं आहे. तरी करू नका. त्यांनी ते सांगितलेलं नाही, आणि उद्या कुणी त्यांना फोन करून ‘किती टक्के वाढल्या हो?’ असं विचारलं तर अडचण त्यांची होईल. शिवाय वाचणारा शहाणा असेल तर त्याला दगडफूल आणि दोन-तीन फोन हेच जास्त खरं वाटतं. ‘लक्षणीय वाढ’ असलेले अभिप्राय त्याने शंभर वाचलेले असतात. पुढच्या कामात सूट देतो, त्या बदल्यात अभिप्राय द्या, असा सौदाही नको. तसा अभिप्राय कौतुक राहत नाही, जाहिरात होते.

इथे एक प्रश्न कॉलेजमधले वाचक हमखास विचारतील. मी लिहिलंय, मग माझंच लिखाण दाखवायला परवानगी कशाला? प्रश्न रास्त आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ आहे. त्यानुसार लिखाणाचा पहिला मालक साधारणपणे लेखकच असतो. नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर मालकी मालकाकडे जाते, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. पैसे मिळाले म्हणजे हक्क आपोआप गेला, असंही नाही. कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करून द्यावा लागतो. आणि हक्क दिल्यानंतरही ‘हे मी लिहिलंय’ असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ मध्ये वेगळा राखलेला आहे.

एवढं वाचून मेल पाठवायचा बेत रद्द करू नका. एक तर काम सुरू करताना तुम्ही सही केलेल्या कागदात ‘पैसे दिल्यावर सर्व हक्क क्लायंटचे’ अशी ओळ असू शकते. कंपन्यांच्या करारात ती बहुधा असतेच, आणि आपण ती न वाचता सही केलेली असते. तो कागद शोधा. दुसरं, त्याच कागदात गोपनीयतेची अट असेल तर कॉपीराइट तुमचा असूनही काम कुणासाठी केलं हे सांगायला बंदी असू शकते. मालकी आणि गोपनीयता हे दोन वेगळे विषय आहेत. तिसरं म्हणजे ताईंचं नाव, गाव, लोगो हे तुमचं लिखाण नाहीच. आणि कायद्यापलीकडची गोष्ट अशी की न विचारता टाकलेलं बघून दुखावलेला क्लायंट कोर्टात जात नाही, तो पुढचं काम देत नाही. दुसऱ्या कुणाला तुमचं नावही सुचवत नाही.

काही कामांत हा मेल वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो. काम एजन्सीमार्फत आलं असेल तर तुमचा क्लायंट म्हणजे एजन्सी. मूळ ब्रँडच्या माणसाला थेट मेल टाकलात तर एजन्सीला वाटणार, ही आमच्या डोक्यावरून जातेय. आधी एजन्सीला विचारा, आणि अभिप्रायही तिथल्या ज्या व्यक्तीने तुमचं लिखाण तपासलं तिच्याकडूनच मागा. मुदत पाळली का, दुरुस्त्या किती लागल्या, हे तिलाच माहीत असतं.

घोस्टरायटिंगचं त्याहून नाजूक. एखाद्या उद्योजकाच्या नावाने तुम्ही लिंक्डइनच्या पोस्ट लिहिता, तेव्हा त्या तुम्ही लिहिल्या हे कळू न देण्याचेच पैसे मिळालेले असतात. तिथे लिंक मागूच नका. मेलमध्ये एवढंच विचारा: ‘उत्पादन क्षेत्रातल्या एका उद्योजकासाठी वर्षभर पोस्ट लिहिल्या, असं नाव न घेता नमूद केलं तर चालेल का?’ बहुतेकदा चालतं. नमुना म्हणून त्याच विषयावर स्वतःच्या नावाने एक नवा मजकूर लिहून ठेवा आणि तो सरावासाठी लिहिलाय हे वर स्पष्ट टाका.

मेलला उत्तरच नाही आलं तर? आठ दिवस थांबा आणि त्याच मेलखाली दोन ओळी लिहा: ‘ताई, सणाची गडबड असेल. परवानगीचे आकडे तेवढे कळवलेत तरी पुरे, अभिप्राय नंतर सावकाश.’ मोठी विनंती बाजूला ठेवून छोटी पुढे केली की उत्तर येण्याची शक्यता वाढते. त्यानंतरही शांतता असेल तर विषय सोडून द्या. उत्तर नाही म्हणजे हरकत नाही, असा अर्थ काढू नका. तिसरा मेल म्हणजे तगादा, आणि तो तुम्ही बिलासाठी राखून ठेवलेला बरा.

नकार आला तर त्याच दिवशी ‘काही हरकत नाही, धन्यवाद’ लिहा. कारण विचारायच्या भानगडीत पडू नका. हवं तर महिन्या-दोन महिन्यांनी नाव न घेता उल्लेख करण्याबद्दल विचारता येतं.

होकार आला की आणखी दोन छोटी कामं. ज्या मेलमध्ये ‘१, २, ४’ आलंय तो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. होकार फोनवर मिळाला असेल तर ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे १, २ आणि ४ दाखवते आहे’ असा एका ओळीचा मेल स्वतःच पाठवा. आणि ते पान त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवा. घरगुती उद्योगांच्या वेबसाइट वरचेवर बदलतात, डोमेनचे पैसे भरायचे राहतात, पुतण्या परत काहीतरी उचलून टाकतो. सहा महिन्यांनी तुमची लिंक उघडली तर तिथे तुमचं एकही वाक्य नसतं. web.archive.org वर पानाची प्रत जतन करता येते, पण ती सगळ्यांना दिसते, म्हणून लिंक दाखवायला परवानगी असेल तरच करा.

आणि पुढच्या कामाला सुरुवात करताना, दर आणि मुदत ठरवतो त्याच मेलमध्ये हे एक वाक्य घालून बघा: ‘काम प्रसिद्ध झाल्यानंतर त्यातला एक नमुना तुमच्या उद्योगाच्या नावासह माझ्या पोर्टफोलिओत दाखवेन, हरकत असल्यास आत्ताच कळवा.’ सुरुवातीला कुणाचीच फार हरकत नसते. असली तर कामाआधीच कळते, आणि मग हे काम दाखवता येणार नाही हे धरून दर सांगता येतो.